आईचा वाढदिवस आणि येळवणीची आमटी

गेलेल्या माणसाच्या मृत्यूच्या तिथीला आपल्याकडे विधी आहे, जन्मदिवसाला नाही. श्राद्ध मृत्यूतिथीचं, वर्तमानपत्रातलं पुण्यस्मरणही त्याच दिवसाचं, जयंती थोरामोठ्यांची. आता मात्र आईचा वाढदिवस आला की मुलं तिचा फोटो फेसबुकवर किंवा व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला ठेवतात. त्याखाली काय लिहायचं याची रीत पडलेली नाही, म्हणून पुण्यतिथीचेच शब्द उचलले जातात. पोरकेपण, पोकळी, नाहीतर कवी यशवंतांच्या ‘आई’ कवितेतली ती सर्वांना पाठ असलेली ओळ. दुःख खरंच असतं, पण ज्या बाईचा वाढदिवस आहे ती त्यात कुठेच दिसत नाही.

माझ्या एका मैत्रिणीची आई कराडकडची. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून, त्या पिढीतल्या कितीतरी जणांची असते तशी. घरात मात्र ‘धुळवडीला जन्मलेली’ असंच सांगत, म्हणून मैत्रिणीने धुळवडच धरली. तिने आधी लिहिलं होतं : ‘आई, तू अन्नपूर्णा होतीस. तुझ्या हाताची चव आता कुठेच नाही. तुझ्याविना घर सुनं आहे.’ मी तिला म्हटलं, हे माझ्या आईच्या फोटोखालीही चालेल. तुझी आई यात कुठे आहे? होळीच्या दुसऱ्या दिवशी ती काय करायची, ते सांग.

मग ती सांगत सुटली. होळीला पुरणाची डाळ शिजवताना आई मुद्दाम पाणी जास्त घालायची. डाळीत गूळ पडण्याआधी ते पाणी, म्हणजे येळवणी, निथळून बाजूला काढायची. भाजलेलं सुकं खोबरं, कांदा आणि तीळ पाट्यावर वाटायची, त्यात कांदा-लसूण मसाला, थोडी चिंच आणि शेवटी चमचाभर पुरण. आमटी पातळच हवी. कुणी घट्ट केली तर म्हणायची, ‘आमटी हाय का पिठलं?’ दुसऱ्या दिवशी मुरलेली आमटी भाताबरोबर, हा तिचा वाढदिवस. आणि कुणी रुसून, रडून बसलं की तिचं एकच वाक्य : ‘आदी जेव, मग रड.’

शेवटी मजकूर असा झाला : ‘आदी जेव, मग रड, असं म्हणणाऱ्या बाईचा आज वाढदिवस. काल पुरण घातलं, येळवणी काढली, आमटी केली. जरा घट्टच झाली. आई असती तर म्हणाली असती, आमटी हाय का पिठलं? आज शिळी आमटी-भात जेवलो. रडणं त्यानंतर.’

दुःख यातही आहे, पण शेवटच्या दोन शब्दांत, आईच्याच वाक्याच्या आधाराने आलेलं. तिचं वाक्य पहिलं घेतलं त्याला एक साधं कारण होतं : लांब मजकुराच्या पहिल्या एकदोन ओळीच पडद्यावर दिसतात, बाकीचं दाबून उघडावं लागतं. फोटोही तिने हार घातलेला घेतला नाही. हार दिसला की लोक वाचायच्या आधीच हात जोडून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितात. तिने पाट्यापाशी बसलेल्या आईचा फोटो घेतला.

उत्तरंही वेगळी आली. मावशीने लिहिलं, ‘ताई चिंच न्हाई, आमसूल घालायची.’ मामाने चिंचेची बाजू घेतली. शेजारच्या काकूंनी आईचं आणखी एक वाक्य लिहिलं, जे मैत्रिणीला माहीतच नव्हतं. ‘सुनं घर’ वाचून कुणी आमसुलाची आठवण काढली नसती.

‘आदी’चं ‘आधी’ करायचा मोह तिलाही झाला होता. तो आवरला हे फार बरं झालं. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या. त्यांची गाणी सोपानदेवांनी पुढच्याच वर्षी पुस्तकरूपाने आणली, ती आईच्या खानदेशी बोलीत; म्हणून आज ती वाचताना बाईचा आवाज ऐकू येतो. बोली पुसली की वाक्य कुणाचंही होतं.

पहिल्या वर्षी हे जमेलच असं नाही. स्वयंपाकघरात पाय ठेववत नसेल तर नुसता फोटो पुरे. वडील हयात असतील तर मजकूर आधी त्यांना वाचून दाखवावा. तिची एखादी बोचरी म्हण त्यांना चारचौघांत नको वाटेल, तर ती घरातच ठेवावी.

आणि वाढदिवस यायच्या आठवडाभर आधी मावशीला, आत्याला, जुन्या शेजारणीला फोन करा. दोनच गोष्टी विचारा : ती कशात काय घालायची, आणि चिडली की काय म्हणायची. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लगेच लिहून ठेवा. हे सांगू शकणारी माणसंही आता वयाने थकली आहेत.