दोन टक्के दिले, की जबाबदारी संपली?

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे असं धरू. गेल्या तीन वर्षांत तिला ६, ९ आणि १२ कोटी रुपये निव्वळ नफा झाला. सरासरी ९ कोटी, त्याचे दोन टक्के १८ लाख. हे १८ लाख रुपये तिला या वर्षी समाजासाठी खर्च करावेच लागतात. कंपनी कायदा २०१३ मधलं कलम १३५ तसं सांगतं आणि ते १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. आदल्या वर्षीचा नफा ५ कोटी, उलाढाल १ हजार कोटी किंवा नक्त मूल्य ५०० कोटी, यातली एक जरी पायरी ओलांडली तरी कंपनी या कलमाखाली येते. ‘सीएसआर’ म्हणतात तो हाच पैसा. शाळांच्या भिंतींवर आणि रुग्णवाहिकांच्या दारांवर कंपन्यांची नावं दिसतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच कलम असतं.

असा खर्च कंपनीने करावा का, हा वाद कायद्याहून बराच जुना आहे. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी सप्टेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकात एक लेख लिहिला. कायदा आणि व्यवहाराची नीती पाळून नफा वाढवणं हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी, असं त्यांचं म्हणणं होतं. या लेखाला आजही हृदयशून्य म्हणून उडवून लावतात, पण त्यातला मुद्दा नीट ऐकण्यासारखा आहे. कंपनीचा व्यवस्थापक हा मालकांचा, म्हणजे भागधारकांचा, नोकर. त्याने दानधर्म केला तर तो स्वतःच्या खिशातून होत नाही. भागधारकाचा लाभांश, कामगाराचा पगार किंवा गिऱ्हाइकाने मोजलेली किंमत, यातूनच तो पैसा येतो. म्हणजे या माणसाने एका परीने कर बसवला आणि तो कुठे खर्च करायचा हेही स्वतःच ठरवलं. त्याला तो अधिकार कोणत्या मतदाराने दिला?

यावरचं उत्तरही तितकंच भक्कम आहे. कंपनी ही कायद्याने जन्माला घातलेली वस्तू आहे. धंदा बुडाला तर भागधारकाचं घरदार विकलं जात नाही, गुंतवलेले पैसे तेवढे जातात. ही सवलत समाजाने दिलेली आहे. औद्योगिक वसाहतीची जमीन सरकारने शेतकऱ्यांकडून संपादित केलेली असते, रस्ता आणि पाणी सार्वजनिक असतं. धूर, सांडपाणी आणि अवजड वाहनांची वर्दळ मात्र शेजारच्या गावाच्या वाट्याला येते. एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ मध्ये मांडलं, की कामगार, गिऱ्हाईक, पुरवठादार आणि परिसरातले लोक या सगळ्यांचाच कंपनीच्या कारभारात हितसंबंध असतो. त्याआधी गांधीजींनी विश्वस्ताची कल्पना मांडली होती: संपत्ती ज्याच्या हाती आहे त्याने ती समाजाची ठेव समजून सांभाळावी.

भारतीय कायद्याने या वादात चमत्कारिक वाट काढली. रक्कम संसदेने ठरवली, त्यामुळे मतदाराचा प्रश्न निम्मा सुटला. पण ती सरकारी तिजोरीत जात नाही. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण, आरोग्य, पर्यावरण असे विषय दिले आहेत आणि त्यांतून निवड संचालक मंडळ करतं. म्हणजे फ्रीडमन यांना ज्याची धास्ती होती, तेच इथे कायदेशीर झालं: सक्ती कराची आणि अर्थसंकल्प खासगी. तरीही पैसा आला हे नाकारता येत नाही. गेल्या काही वर्षांत देशभरात वर्षाला २५ हजार कोटींहून जास्त खर्च या खात्यावर झाला. सक्तीने लोक कसे वागतात, याचा धर्मपाल आणि खन्ना या अभ्यासकांनी घेतलेला शोध मला फार बोलका वाटतो. पूर्वी दोन टक्क्यांपेक्षा कमी देणाऱ्या कंपन्यांनी खर्च वाढवला, पण आधी जास्त देणाऱ्या कंपन्यांनी तो कमी केला. किमान मर्यादा ठरवली ती हळूहळू कमाल होऊन बसली.

चाकणच्या आपल्या कंपनीकडे परत जाऊ. १८ लाखांसाठी वेगळी सीएसआर समिती लागत नाही, ते काम संचालक मंडळच करतं. वर्षभर उत्पादनाच्या धबडग्यात कुणाला वेळ नसतो. फेब्रुवारीत हिशेबनीस आठवण करून देतो आणि मार्चमध्ये जवळच्या जिल्हा परिषद शाळेत पाणी शुद्धीकरणाचं आरओ यंत्र बसतं. उद्घाटन होतं, फोटो निघतो, खर्च पूर्ण. पण यंत्रातला गाळणीचा पडदा ठरावीक काळाने बदलावा लागतो, विजेचं बिल येतं, वाया जाणाऱ्या पाण्याची सोय करावी लागते. नियमाप्रमाणे अशी मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही, ती संस्थेकडे, लाभार्थ्यांकडे किंवा शासकीय यंत्रणेकडे जाते. हा नियम योग्यच आहे. पण देखभालीचे पैसे कुणी आधी बाजूला काढले नसतील, तर यंत्र लवकरच बंद पडतं आणि मुलं पुन्हा घरून बाटली आणतात. कागदावर मात्र १८ लाख खर्च झालेले असतात. कायद्याने तीन वर्षं पुढे चालणाऱ्या प्रकल्पाची मुभा दिली आहे. न वापरलेली रक्कम वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून ती पुढे वापरता येते. छोट्या कंपन्यांनी या तरतुदीचा आधार घेतला तर मार्चची घाई टळेल. पण त्यासाठी प्रकल्प आधी नीट आखावा लागतो.

माझा मोठा आक्षेप वेगळाच आहे. हा कायदा नफा कसा खर्च केला ते विचारतो, तो कसा मिळवला ते विचारत नाही. हीच कंपनी सांडपाणी नीट प्रक्रिया न करता ओढ्यात सोडत असेल आणि १८ लाखांत झाडं लावत असेल, तरी कलम १३५ पुरतं तिचं काम चोख आहे. सांडपाण्याचा प्रश्न दुसऱ्या कायद्यांचा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात हे सत्यमने दाखवलं. सत्यमचे संस्थापक रामलिंग राजू यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये हैदराबादेत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. ती खरोखर उपयोगी होती, पुढे इतर राज्यांतही गेली. आणि ७ जानेवारी २००९ रोजी त्याच राजूंनी कंपनीच्या ताळेबंदात हजारो कोटींची खोटी रोकड दाखवल्याची लेखी कबुली दिली. रुग्णवाहिकेने वाचवलेले जीव खोटे ठरत नाहीत, तसा घोटाळाही त्या जिवांनी फिटत नाही.

सक्तीच्या बाजूने बोलणारे म्हणतील, मग ती आणखी कडक करा. २०१९ मध्ये संसदेने न पाळणाऱ्या अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची तरतूद मंजूर केली होती. उद्योगांनी विरोध केला, सरकारने माघार घेतली आणि ही चूक दंडापुरती राहिली. मला ही माघार बरोबर वाटते. तुरुंगाच्या धाकाने चेक लवकर फाटेल, आरओच्या पडद्याकडे मात्र कुणाचं लक्ष जाणार नाही. दुसरी अडचण भूगोलाची आहे. कायदा कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. कारखान्याचा त्रास ज्या गावाला, लाभही त्याला, हे न्यायाचंच. पण त्यामुळे महाराष्ट्रात पैसा येतो तो मुख्यतः मुंबई-पुण्याकडे. गडचिरोली किंवा नंदुरबारला कारखानेच थोडे, तर पैसाही थोडा.

तुमच्या शेजारच्या कंपनीबद्दल मत बनवायचं असेल तर तिचा वार्षिक अहवाल उघडा. संचालकांच्या अहवालाला सीएसआरची जोडपत्रं असतात. त्यात तीन वर्षांचा सरासरी नफा, दोन टक्क्यांची रक्कम, प्रत्यक्ष खर्च आणि शिल्लक दिलेली असते. पैशांतून मालमत्ता उभी राहिली असेल तर तिचा पत्ता, पिनकोड आणि मालकही. त्या पत्त्यावर जाऊन यंत्र चालू आहे का ते कुणीही पाहू शकतं. शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या हजार कंपन्यांना आता पाणी, कचरा, वेतन आणि कामावरचे अपघात यांचा स्वतंत्र अहवालही द्यावा लागतो, म्हणजे पैसा कसा मिळवला याचा थोडा माग लागतो. चाकणमधल्या छोट्या खासगी कंपनीला हे बंधन नाही. तिच्या ओढ्यातल्या पाण्याची माहिती तिच्या सीएसआर जोडपत्रात सापडणार नाही, ती ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण मंडळाच्या कार्यालयालाच विचारावी लागेल.