फोटोखालच्या ओळी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फोटोखाली लिहिलेल्या दोन-चार ओळींतून तीन गोष्टी बाहेर पडतात : ठिकाण, घरच्यांची नावे आणि येण्याजाण्याच्या वेळा. लिहिणाऱ्याचे लक्ष आनंदाकडे असते, म्हणून हे त्याच्या ध्यानात येत नाही. बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातले चिंताकी घेऊन एक कल्पित उदाहरण पाहता येईल. पेरणी उरकून एक कुटुंब आषाढीला पंढरपूरला निघते. ओट्यावर काढलेला फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला आणि फेसबुकवर जातो. खाली गावाचे नाव असते, ‘आजपासून पाच दिवस आम्ही सगळे पंढरपुरात’ असे असते, आजीचे पूर्ण नाव आणि आजच तिचा पंचाहत्तरावा वाढदिवस असल्याचा उल्लेख असतो, शिवाय नातीचे नाव, शाळा आणि इयत्ता.

फोनचे लोकेशन बंद केले की ठिकाण कळत नाही, हा पहिला गैरसमज. कॅमेऱ्यासाठी लोकेशन बंद केल्याने फोटोच्या फाईलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदले जात नाहीत, एवढेच. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला तर ही नोंद तशीही गळून जाते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मात्र शाबूत राहते. पण ओळीतच गावाचे नाव असेल आणि मागे दुकानाची पाटी दिसत असेल, तर ही सेटिंग कशालाच आड येत नाही. इथे गावाचा आकारही महत्त्वाचा. ‘मारुतीच्या देवळासमोर’ म्हटल्याने पुण्यात फारसे काही उघड होत नाही; लहान गावात त्याने नेमके एक घर दाखवले जाते. अशा गावाबद्दल लिहिताना ‘सीमाभागातले आमचे गाव’ एवढे पुरते.

गावात सगळ्यांना सगळे ठाऊकच असते, मग लपवायचे काय, असे दुसरे म्हणणे. ते अर्धेच खरे. घराला कुलूप आहे हे शेजाऱ्याला ठाऊक असते, म्हणूनच तो रात्री त्या बाजूला एक नजर टाकतो. स्टेटस मात्र फोनमध्ये नंबर असलेल्या जुन्या गिऱ्हाइकांपासून कधीकाळच्या ड्रायव्हरपर्यंत पोचते. ते 24 तासांनी नाहीसे होते यावरही फार भिस्त ठेवू नये : त्या 24 तासांत घर रिकामेच असते, आणि स्क्रीनशॉट काढायला क्षण पुरतो. यावरचा उपाय व्याकरणाचा आहे. ‘निघालो’ऐवजी ‘जाऊन आलो’, आणि तेही परतल्यावर. नेहमीच्या वेळापत्रकाला मात्र भूतकाळ उपयोगी पडत नाही. ‘दर गुरुवारी बाजारला जातो, तसे काल गेलो’ यात पुढचा गुरुवारही सांगून टाकलेला असतो.

नुसत्या नावाने काय होणार, हा गैरसमज सर्वांत चिवट. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्माचे वर्ष. आजीचे नाव आणि ‘पंचाहत्तरावा’ हा शब्द एकत्र आले की दोन्ही हाती लागतात. वर्ष वजाबाकीने निघते. फाईल मिळाल्याशिवाय पासवर्ड निरुपयोगी, हे खरे. पण अशा फायली झेरॉक्सच्या दुकानांतून आणि ग्रुपांवरून सर्रास फिरतात. नातीच्या नावाचा धोका वेगळा. ‘शाळेतून बोलतोय, मुलगी पडली आहे, पैसे पाठवा’ हा फोन तिचे नाव आणि वर्ग बरोबर सांगितल्यामुळेच खरा वाटतो. बोलणारा ओळींत लिहिलेलेच पुन्हा सांगत असेल आणि त्यापलीकडच्या साध्या प्रश्नाला अडखळत असेल, तर संशय घ्यावा आणि फोन ठेवून शाळेच्या नेहमीच्या नंबरवर विचारावे.

एवढे गाळले की मजकूर कोरडा होतो, असेही मानतात. प्रत्यक्षात गाळली जाते ती अर्जावर भरायची माहिती, आणि जिव्हाळा तिच्यात नसतोच. वरच्याच ओळी परतल्यावर अशा लिहिता येतील : ‘पेरणी उरकली की आजीचे लक्ष पंढरीकडे लागते. यंदा चंद्रभागेत उभी राहून ती बराच वेळ काही बोललीच नाही. नातीला मात्र चुरमुऱ्यांची घाई.’ यात गाव, नाव, वय, तारीख काही नाही, तरी आजी दुसऱ्या कोणाची वाटत नाही. पाटी नसलेला वाळवंटातला फोटो या ओळींसोबत चालेल.

शेवटचा गैरसमज कायद्याचा. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यामुळे सगळी माहिती आपोआप संरक्षित आहे असे अनेकांना वाटते. परंतु 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ज्या माहितीला लागू नाही तीत, माणसाने स्वतःबद्दल आपणहून सर्वांसाठी खुली केलेली माहितीही येते.