शब्द बदलले, वाक्य तेच राहिलं

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना मोटार-अपघाताची छोटी फिल्म दाखवली. गाड्यांचा वेग विचारताना एका गटासाठी ‘आदळून चक्काचूर’ अशा अर्थाचं जोरदार क्रियापद वापरलं, दुसऱ्यासाठी ‘धडकल्या’ असं सौम्य. आठवड्याने सर्वांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रयोग आपल्या निबंधात मांडायचा आहे. सरावासाठी मूळ उतारा असा आहे असं धरू:

‘जोरदार शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी फुटलेली काच पाहिल्याचं सांगितलं, सौम्य शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी फक्त ७ जणांनी.’

घाईत बऱ्याचदा असं उतरतं: ‘तीव्र शब्द कानी पडलेल्या ५० व्यक्तींपैकी १६ व्यक्तींनी तुटलेली काच बघितल्याचं म्हटलं, मवाळ शब्द कानी पडलेल्या ५० व्यक्तींपैकी केवळ ७ व्यक्तींनी.’ शब्द बदलले, पण वाक्याची बांधणी, क्रम, स्वल्पविरामसुद्धा मूळ लेखकाचाच. खाली नाव दिलं तरी ही उचलेगिरीच ठरते, कारण मांडणी आपली असल्याचा आभास तसाच राहतो.

मूळ पान मिटून, कळलेलं सांगायला बसलं की वाक्य वेगळं येतं:

‘प्रश्नातलं एक क्रियापद बदललं तरी आठवणीत फरक पडतो. जोरदार क्रियापद वापरल्यावर, नसलेली काच पाहिल्याचं सांगणारे दुपटीहून जास्त निघाले (लॉफ्टस व पामर, १९७४).’

इथे आधी निष्कर्ष आला, मग पुरावा. लिहून झाल्यावर मूळ पान उघडून ताडून पाहायचं. नक्कल उतरली नाही ना, हे तर बघायचंच. पण अर्थ वाकला नाही ना, हेही. ‘बहुतेकांना काच दिसली’ असं लिहिलं तर ते खोटं ठरेल, कारण जोरदार शब्द ऐकलेल्यांपैकीही ३४ जणांनी नाहीच म्हटलं होतं.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, म्हणजे एपीए शैलीत अशा मजकुराला लेखकाचं आडनाव आणि वर्ष लागतं. नावं वाक्यातच आली तर फक्त वर्ष कंसात जातं: ‘लॉफ्टस आणि पामर (१९७४) यांना आढळलं...’ पान क्रमांकाची सक्ती नाही. लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले, तर मात्र अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक दोन्ही हवेत.

मराठीत लिहिणाऱ्यांचा हमखास गैरसमज म्हणजे इंग्रजी उतारा आपण मराठीत आणला की तो आपला झाला. एपीए स्वतः केलेल्या भाषांतराला परिच्छेदाचं पुनर्कथन मानते. त्याला अवतरणचिन्हं लागत नाहीत, पण नाव आणि वर्ष द्यावंच लागतं. आणि १९७४चा लेख न वाचता प्रयोगाची माहिती एखाद्या पाठ्यपुस्तकातून घेतली असेल, तर लॉफ्टस-पामर यांच्यासोबत त्या पुस्तकाचाही उल्लेख करायचा आणि संदर्भसूचीत फक्त ते पुस्तक द्यायचं.