परिपत्रक असं लिहा की देयक परत येणार नाही



मार्च महिना आला की आपल्या शाळांकडे एक परिपत्रक हमखास येतं. राहिलेली देयके द्या, कागदपत्रं जोडा, वर्ष संपत आलं. आपल्या वर्धा जिल्ह्यात आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत कोणत्याही तालुक्यात जा, मजकूर जवळपास सारखाच असतो. आज आपण अशाच एका परिपत्रकाचं पुनर्लेखन करू. मी नमुन्यासाठी मार्च २०२५ घेतला आहे. का, ते पुढे कळेल.

आधी मूळ मजकूर वाचा

"उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, चालू आर्थिक वर्ष संपुष्टात येत असल्याने आपल्या अधिनस्त कर्मचाऱ्यांची प्रलंबित खर्चाची देयके विहित नमुन्यात आवश्यक त्या कागदपत्रांसह दि. ३१ मार्चपूर्वी या कार्यालयास तात्काळ सादर करावीत. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील, याची नोंद घ्यावी."

व्याकरणाची चूक शोधून सापडणार नाही. पण वाचून झाल्यावर मुख्याध्यापकांनी उद्या सकाळी नेमकं काय करायचं? "आवश्यक ती कागदपत्रं" म्हणजे कोणती? "तात्काळ" खरं धरायचं की "३१ मार्चपूर्वी"? ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच हे परिपत्रक कळतं. नवीन शिक्षकाला नाही.

पहिली दुरुस्ती : तारीख

सरकारी हिशेबात खर्च त्या वर्षाचा धरला जातो, ज्या वर्षात पैसे प्रत्यक्ष दिले गेले. तुमचं देयक ३१ मार्चला आवक नोंदवहीत चढलं, एवढ्याने काही होत नाही. त्याची तपासणी, मंजुरीची सही आणि रक्कम अदा करणं, हे सगळं ३१ मार्चच्या आत व्हावं लागतं. नाही झालं तर या वर्षीचा निधी अखर्चित राहतो आणि तुमचं देयक पुढच्या वर्षीच्या अनुदानाची वाट बघत बसतं.

म्हणून परिपत्रकातली तारीख ३१ मार्चपासून उलटी मोजत काढायची. आता २०२५ चं कॅलेंडर बघा. ३१ मार्चला सोमवारी रमजान ईद होती. ३० ला रविवार, आणि त्याच दिवशी गुढीपाडवा. २९ ला शनिवार. आपली शाळा शनिवारी भरते, त्यामुळे आपल्या पटकन लक्षात येत नाही. पण पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कार्यालयासाठी कामाचा शेवटचा नेहमीचा दिवस होता शुक्रवार, २८ मार्च. मार्चअखेर काही कार्यालयं सुट्टीतही काम करतात हे खरं, पण त्या भरवशावर तारीख ठरवू नये.

२८ ला रक्कम जायची तर सही २७ पर्यंत हवी. त्रुटी निघालेलं देयक दुरुस्त होऊन २६ ला परत यायला हवं. म्हणजे तपासणीला २४ आणि २५ हे दोन दिवस. मग देयकं कार्यालयात हवीत ती शुक्रवार, २१ मार्चला. परिपत्रकात हीच तारीख लिहायची, वारासकट. आणि "पूर्वी" न लिहिता "पर्यंत" लिहायचं. "३१ पूर्वी" मध्ये ३१ धरायची की नाही, यावर स्टाफरूममध्ये वाद होतो. "पर्यंत" मध्ये तो दिवस धरतात हे सगळ्यांना कळतं.

दुसरी दुरुस्ती : कागदपत्रं

प्रवासाला लागणारे कागद वेगळे, खरेदीला लागणारे वेगळे. दोन्ही एका वाक्यात कोंबले की गोंधळ होतो. शिवाय देयक आणि पावती यांत लोक गल्लत करतात. देयक म्हणजे बिल, ते पैसे मागतं. पावती म्हणजे पैसे मिळाल्याचा पुरावा. दरपत्रक, म्हणजे कोटेशन, या दोन्हींपैकी काहीच नाही, तो फक्त भाव आहे. खडू-कागदाच्या खरेदीला दुकानदाराने दिलेलं दरपत्रक जोडलं तर ते परत येणारच.

एक अनुभव सांगते. आमच्या एका सहकारी मॅडमचं प्रशिक्षणाचं प्रवास देयक परत आलं. बाबू म्हणाले, "मॅडम, तिकिटं कोरी आहेत." खरंच कोरी होती! एसटीच्या मशीनमधून निघणाऱ्या तिकिटावरची छपाई उष्णतेने आणि दिवस गेल्याने उडते. ऑगस्टमधलं तिकीट पर्समध्ये ठेवून मार्चमध्ये काढलं तर पांढरा कागद हातात येतो. म्हणून तिकिटाची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढून मूळ तिकिटासोबत ठेवायची. ही एक ओळ परिपत्रकात असती, आणि ते जूनमध्येच आलं असतं, तर मॅडमचे पैसे अडकले नसते.

आता नवीन परिपत्रक

विषय : २०२४-२५ ची प्रवास व साहित्य खरेदीची देयके शुक्रवार, २१ मार्च २०२५ रोजी सायंकाळी ५ पर्यंत देण्याबाबत

सर्व मुख्याध्यापक,

आपल्या शाळेची या वर्षातील राहिलेली देयके वरील वेळेपर्यंत लेखा शाखेत द्यावीत व पोच घ्यावी. रक्कम २८ मार्चपर्यंत अदा करायची असल्याने तपासणीसाठी हा आठवडा लागणार आहे.

प्रवास देयकासोबत :
१. प्रशिक्षण किंवा बैठकीचा आदेश
२. उपस्थिती प्रमाणपत्र
३. मूळ तिकिटे व त्यांची झेरॉक्स

साहित्य खरेदीसोबत :
१. शाळेच्या नावाचे, तारीख व क्रमांक असलेले मूळ बिल
२. पैसे दिल्याची पावती (रोख रक्कम ५,००० रुपयांपेक्षा जास्त असल्यास १ रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही)
३. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत
४. साहित्य साठा नोंदवहीत ज्या पानावर चढवले त्या पानाचा क्रमांक

एखादा कागद नसल्यास देयक थांबवून ठेवू नये. कोणता कागद नाही ते लिहून २१ तारखेलाच द्यावे. दुरुस्ती २६ मार्चपर्यंत स्वीकारली जाईल. २१ मार्चनंतर होणाऱ्या खर्चाची अंदाजे रक्कम याच तारखेला कळवावी.

काय बदललं?

मजकूर वाढला, हे मान्य. पण फोन कमी होतील. "जबाबदारी आपली राहील" ही धमकी गेली, त्या जागी कारण आलं. विषयाची ओळ वाचूनच तारीख कळते, कारण घाईत बरेच जण तेवढीच वाचतात. शेवटचा परिच्छेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एक कागद कमी म्हणून देयकच न देणारे आणि २४-२५ मार्चला प्रशिक्षण असलेले, हे दोघेही जुन्या परिपत्रकात बेवारस होते.

कागदांची यादी मात्र जशीच्या तशी उचलू नका. योजनेनुसार आणि कार्यालयानुसार ती बदलते. आधी लेखा शाखेतून पक्की करून घ्या, मगच लिहा.

परिपत्रक पाठवण्याआधी एक चाचणी करा. ज्यांना विषय माहीत नाही अशा एका व्यक्तीला ते एकदाच वाचायला द्या आणि कागद काढून घ्या. मग विचारा : कधीपर्यंत? कुठे? सोबत काय? शाळा व्यवस्थापन समितीवरच्या एखाद्या पालकांना विचारलं तर उत्तमच, कारण खरेदीच्या ठरावावर सही त्यांचीही असते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ आली पाहिजेत. तिसऱ्याला "यादी दिलीये, बघून सांगतो" असं उत्तर आलं तरी चालेल. पण "जी लागतात ती कागदपत्रं" असं आलं, तर मजकूर पुन्हा लिहायला घ्या.