माणसं काढली, तरी खोटी खाती उघडतच राहिली

व्यवस्थापन शिकणाऱ्यांना असाइनमेंटमध्ये वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेची केस बऱ्याचदा मिळते. ग्राहकांना न विचारता कर्मचाऱ्यांनी त्यांच्या नावावर लाखो खाती आणि क्रेडिट कार्डं उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला. त्याआधीच्या पाच वर्षांत बँकेने याच कारणावरून सुमारे ५,३०० जणांना घरी पाठवलं होतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘समस्या : नीतिमत्तेचा अभाव. शिफारस : नीतिमत्तेचं प्रशिक्षण.’ असं उत्तर कुठल्याही घोटाळ्याला चिकटवता येतं, म्हणून त्याला गुणही बेताचेच पडतात.

आधी स्वतःला एका खुर्चीत आणि एका तारखेवर बसवा. समजा, तुम्ही मनुष्यबळ विभागाचे प्रमुख आहात आणि महिना डिसेंबर २०१३ चा आहे. शाखांमधल्या विक्रीच्या दबावाची बातमी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने नुकतीच छापली आहे. दंड, चौकशी, मुख्याधिकाऱ्यांचा राजीनामा यांतलं अजून काहीच घडलेलं नाही. ही शिस्त पाळली नाही, तर शेवट माहीत असलेला माणूस शहाणपणा सांगतोय, एवढंच परीक्षकाला दिसतं.

आता समस्या एका वाक्यात लिहा. ‘खोटी खाती’ हे लक्षण झालं. समस्या शोधायला केसमधलाच एक पुरावा पुरतो : वर्षानुवर्षं माणसं काढली जात होती, नवी येत होती आणि नवीही तेच करत होती. माणसं बदलूनही वागणूक बदलत नसेल, तर दोष माणसांपेक्षा त्यांच्या कामाच्या रचनेत शोधावा लागतो. रचना अशी होती : प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात बँकेची आठ उत्पादनं मारायची, ‘एट इज ग्रेट’ ही घोषणाच होती. शाखेला रोजचं टार्गेट. आकडा कुठवर आला याची वरून सारखी विचारणा. बोनस आणि बढती त्या आकड्यावर, आणि तो गाठला नाही तर नोकरीची टांगती तलवार. म्हणून समस्येचं वाक्य असं होईल : ‘खाती किती उघडली हे बँक मोजते, ती ग्राहकाला हवी होती का हे मोजत नाही, आणि मोजलेल्या आकड्यावरच पोट अवलंबून आहे.’

सिद्धान्त इथे आणायचा, आणि एकच. स्टीव्हन कर यांनी १९७५ मध्ये लिहिलेला लेख इथे नेमका बसतो. संस्था एका वागणुकीला बक्षीस देतात आणि आशा दुसरीची करतात, असं त्यांचं म्हणणं. मॅस्लोचा पिरॅमिड सवयीने काढून ठेवू नका. या केसमधलं काहीही त्याने उलगडत नाही.

कारणाची दुसरी बाजू बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हे वर कोणी थांबवलं का नाही? शाखांच्या विभागातली जोखीम सांभाळणारी माणसं त्या विभागाच्या प्रमुखालाच उत्तरदायी होती. ज्याच्या आकड्यांवर बोट ठेवायचं, तोच साहेब!

मग पर्याय. प्रशिक्षण स्वस्त आहे, पण ते अज्ञानावरचं औषध. खोटी सही करू नये हे कर्मचाऱ्याला ठाऊक असतंच. टार्गेट कमी केलं तर दबाव घटेल, मोजमाप मात्र चुकीचंच राहील. तिसरा पर्याय म्हणजे शाखांतली उत्पादन-विक्रीची टार्गेट्स काढून टाकणं. तो कारणाला हात घालतो, पण नव्या खात्यांचा आकडा पडेल आणि भागधारक विचारतील. ही किंमत उत्तरात लपवू नका.

शिफारशीत कोण, कधी आणि कशावरून कळेल, हे तिन्ही हवं. उदाहरणार्थ : विभागप्रमुखांनी येत्या तिमाहीपासून टार्गेट्स बंद करावीत, बोनस ग्राहक खरोखर वापरत असलेल्या खात्यांवर आणि तक्रारींवर ठरावा, जोखीम अधिकाऱ्यांनी मुख्यालयाला थेट उत्तर द्यावं. यश तपासायला, उघडल्यापासून तीन महिने एकही व्यवहार न झालेल्या खात्यांचं प्रमाण दर महिन्याला पाहावं. धोकाही लिहा : ‘वापर’ दाखवायला कर्मचारी किरकोळ रक्कम इकडून तिकडे फिरवतील, म्हणून काही ग्राहकांना फोन करून खातरजमा करावी लागेल.

सगळं लिहून झालं की उलटं वाचा. प्रत्येक शिफारशीवर बोट ठेवून विचारा, ही कोणत्या कारणासाठी? कारण सापडलं नाही तर शिफारस खोडा. एखादं कारण शिफारशीविना राहिलं असेल, तर उत्तर अर्धवट आहे.

पुढे काय झालं ते हवं असेल तर शेवटी वेगळ्या परिच्छेदात द्या, पुरावा म्हणून नको. बँकेने शाखांतली विक्रीची टार्गेट्स १ ऑक्टोबर २०१६ पासून बंद केली, दंड बसल्यानंतर.