तक फ्योर मातेन: स्वीडिश घरातले जेवणाचे आभार

स्वीडिश घरात जेवण संपले की उठण्यापूर्वी प्रत्येकजण ‘तक फ्योर मातेन’ म्हणतो. म्हणजे ‘जेवणाबद्दल आभार’. हे शब्द ज्याने रांधले त्याच्याकडे पाहून उच्चारले जातात. पाहुणा म्हणतो, तसेच नवरा बायकोला, बायको नवऱ्याला आणि मुले आईवडिलांनाही म्हणतात. अनेक घरांत लहान मुलांना हे न म्हणता टेबलावरून उठू दिले जात नाही. मराठी घरात आईने वाढलेल्या जेवणाचे आभार मानले तर ते परकेपणाचे वाटेल. स्वीडनमध्ये उलट आहे. तिथे काही न बोलता ताट उचलून उठणे खटकते.

आभार मानल्यावर उत्तर येते ‘वाशोगूद’. जुन्या वळणाच्या घरांत त्याऐवजी ‘व्हेल बेकॉम्मे’ म्हणतात. खाल्लेले अंगी लागो, असा त्याचा भाव. ‘वाशोगूद’ जेवणाच्या सुरुवातीलाही ऐकू येते. वाढून झाले, आता सुरू करा, असे यजमान त्याच शब्दाने सांगतात. एकच शब्द जेवणाच्या दोन्ही टोकांना येतो, म्हणून नवख्या माणसाचा गोंधळ होतो. तो शब्द कधी उच्चारला गेला, यावरून त्याचा अर्थ लावायचा.

मराठी पाहुणीची खरी पंचाईत होते ती वाढण्याच्या वेळी. आपल्याकडे पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचे आणि यजमानाने आग्रह करायचा, हा शिष्टाचार. स्वीडिश यजमान मात्र ‘नेय तक’ म्हणजे ‘नको, आभार’ हे अक्षरशः घेतो आणि भांडे पुढे सरकवतो. दुसऱ्यांदा विचारीलच असे नाही. हवे असेल तर लगेच ‘या तक’ म्हणावे. नुसते ‘तक’ म्हटले, तरी ते बहुधा होकारच समजले जाते.

टेबलावरून उठल्यानंतरही आभार संपत नाहीत. निघताना एकटी पाहुणी ‘तक फ्योर मेय’ म्हणते. मला बोलावलेत, सामावून घेतलेत, त्याबद्दल आभार, असा त्याचा आशय. जोडीने आलेले पाहुणे ‘तक फ्योर ऑस’ म्हणतात. पुढे ती माणसे पुन्हा भेटली किंवा फोनवर बोलली की सुरुवातीलाच ‘तक फ्योर सेनास्त’, म्हणजे मागच्या भेटीबद्दल आभार, असे म्हणतात. भेट कालचीच असेल, तर ‘तक फ्योर ई गोर’. एका मेजवानीचे आभार असे उठताना, निघताना आणि पुढच्या भेटीत, तीनदा मानले जातात. मराठी माणसाला हे जास्तीचे वाटेल, पण यात दिखावा नाही. मागची भेट आपल्या लक्षात आहे, एवढेच त्यातून समोरच्याला कळते.

समजा, पुण्याची एक विद्यार्थिनी उप्साला शहरातल्या एका कुटुंबाकडे राहून इंटर्नशिप करून परतली आणि तिला आभाराचे कार्ड पाठवायचे आहे. इतक्या दिवसांच्या मुक्कामाला केवळ ‘तक फ्योर मातेन’ अपुरे पडते. कार्डाचे मुख्य वाक्य ‘तक फ्योर आत या फिक बू हूस एर’ असे असावे: तुमच्याकडे राहायला मिळाले, त्याबद्दल आभार. त्यानंतर नेमकी आठवण लिहावी. ती अशी लिहू शकते: “तुमच्याकडे रोज रात्री ‘तक फ्योर मातेन’ म्हणायला शिकले. आमच्याकडे जेवण झाल्यावर ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतात. त्यात आभार मानत नाहीत, जेवू घालणाऱ्याच्या सुखाची इच्छा करतात. तुमच्यासाठी माझ्या मनात दोन्ही आहेत.” जेवणाच्या जोडीला दुपारच्या कॉफीचा आणि दालचिनीच्या बनचाही उल्लेख करता येईल. त्या वेळेला तिथे ‘फीका’ म्हणतात आणि तिचे आभार ‘तक फ्योर फीकात’ असे मानतात.

संबोधनात एक काळजी घ्यावी. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वीडनमध्ये जवळजवळ सर्वांनाच ‘दू’, म्हणजे एकेरी संबोधतात आणि पहिल्या नावाने हाक मारतात. मोठ्यांना नावाने लिहिणे मराठी मुलीला जड जाईल, पण तिथे तेच जिव्हाळ्याचे आहे. वरच्या वाक्यातला ‘एर’ हा आदरार्थी नव्हे, साऱ्या कुटुंबासाठीचा अनेकवचनी शब्द आहे. कार्ड फक्त घरातल्या आजीला असेल, तर त्याजागी ‘देय’ लिहावे. शेवटी ‘क्राम’, म्हणजे मिठी, लिहून खाली आपले नाव घालावे. औपचारिक ‘हेल्सनिंगार’ही चालते, पण घरच्यासारखे राहिलेल्या मुलीने ‘क्राम’च लिहावे.

कार्ड पोचले, तरी पुढच्या फोनवर ‘तक फ्योर सेनास्त’ म्हणायचे असतेच.