हुकूम, गिलास आणि इस्टेशन

सन 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रूळवाट सुरू झाली, त्या काळी आरंभीचे ‘स्ट’ हे जोडाक्षर ज्यांच्या जिभेवर सहजी ठरत नसे, त्या मराठी भाषकांनी जोडाक्षराच्या आधी ‘इ’ उभी करून ‘इस्टेशन’ म्हटले, अथवा ‘स’ सरळ बडतर्फ करून ‘ठेसन’ केले. परंतु ‘ग्लास’चे ‘इग्लास’ न होता ‘गिलास’ झाले, कारण ‘ल’, ‘र’ यांसारख्या प्रवाही वर्णापूर्वी स्वर शिरला तरी कानास फारसा फरक जाणवत नाही, ‘स’ आणि ‘ट’ यांची जोडी मात्र फोडल्यास चटकन परकी भासते.

शब्दान्ती हीच डागडुजी फारसी अमदानीपासून चालत आली आहे. ‘हुक्म’, ‘जुल्म’, ‘मुल्क’ यांचे ‘हुकूम’, ‘जुलूम’, ‘मुलूख’ झाले, ‘फिक्र’ची ‘फिकीर’ आणि ‘शह्र’चे ‘शहर’. घुसविलेला स्वर आधीच्या स्वराचीच नक्कल करतो. ‘खर्च’, ‘अर्ज’ मात्र अभंग राहिले, ‘फर्क’चा ‘फरक’ झाला, तेव्हा नियम सर्वस्वी काटेकोर नव्हे. पुढे प्रत्यय लागताच हा आगंतुक ‘ऊ’ ‘लाकूड–लाकडात’ याच देशी शिरस्त्याने वागतो, आणि ‘मुलूख’ ‘मुलखात’ जातो.